एका बाईंचे दोन अहवाल: एफएसएच ४६ आणि एफएसएच ९

फोंडा तालुक्यातील एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या, ४६ वर्षांच्या बाई ऑगस्टच्या २५ तारखेला, चतुर्थीच्या तयारीची लगबग सुरू असताना माझ्याकडे आल्या. त्यांच्या पिशवीत रक्ततपासणीचे दोन अहवाल, सोनोग्राफीचा एक अहवाल आणि भिंतीवरची दिनदर्शिका अशा चार गोष्टी होत्या. त्यांपैकी दिनदर्शिका त्यांनी बाहेर काढलीच नव्हती, कारण ती दाखवण्यासारखी वस्तू आहे असे त्यांना वाटले नव्हते. त्यांचा प्रश्न सरळ होता. मे महिन्यात एका डॉक्टरांनी त्यांना "तुमची पाळी गेली" असे सांगितले होते आणि जुलैमध्ये दुसऱ्या डॉक्टरांनी "सगळे नॉर्मल आहे, पहिला रिपोर्ट चुकला असेल" असे सांगितले होते. त्यांचे म्हणणे असे, की दोन्ही प्रयोगशाळा चांगल्या आहेत, रक्त एकाच बाईचे आहे, मग खरे कोणते मानायचे?

हे प्रकरण मी बाईंच्या संमतीने आणि त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून लिहीत आहे. माझे उत्तर आधीच सांगून ठेवते. दोन्ही अहवाल खरे होते आणि दोन्हींवरून काढलेला निष्कर्ष चुकीचा होता. असे कसे होऊ शकते, हे समजण्यासाठी आधी दिनदर्शिकेकडे जावे लागते.

दिनदर्शिकेत काय होते

बाईंना पाळीच्या पहिल्या दिवसावर पेनाने बारीक टिंब करण्याची सवय होती. घरात देवकार्य असले की आपली तारीख आधी माहीत असलेली बरी, एवढ्यासाठी ती सवय लागलेली. त्या टिंबांमधले दिवस मी मोजत गेले. दोन वर्षांपूर्वीपर्यंत पाळी २७, २८ किंवा २९ दिवसांनी येत होती. त्यानंतर ती हळूहळू २५, २४, २४, २३ अशी जवळ येत गेली. बाईंनी त्याकडे लक्ष दिले नाही, कारण पाळी "जायची" असेल तर ती लांबत जाईल अशी आपल्याकडची समजूत आहे आणि इथे तर ती लवकर येत होती. पुढच्या पाळ्यांतील अंतर मात्र २४, ३४, २३, ३७, २६ दिवस असे झाले. त्यानंतर ८ मार्चला आलेली पाळी एप्रिलमध्ये आली नाही आणि मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यातही आली नाही. ती १८ मे रोजी, म्हणजे ७१ दिवसांनी आली आणि दहा दिवस टिकली. त्यात गाठी पडत होत्या आणि रात्रीतून दोनदा उठून कपडे बदलावे लागत होते. पुढचे टिंब ९ जूनचे होते आणि त्यापुढचे १२ जुलैचे. जुलैतला रक्तस्राव जास्त नव्हता, पण थेंब थेंब करत तो १६ दिवस चालला. तेव्हापासून माझ्याकडे येईपर्यंत पुन्हा काहीच झालेले नव्हते.

मार्च ते मे या काळात त्यांना रात्री छातीपासून मानेपर्यंत गरम वाफा येत, घाम सुटे आणि पाच-दहा मिनिटांत सगळे थंड होई. गोव्यातल्या मे महिन्यात, पावसाआधीच्या दमट उकाड्यात, घाम येण्याचे कारण कोणी शोधत नाही. घरातल्या माणसांनाही घाम येतच होता. मी त्यांना एकच विचारले, की पंखा चालू असताना, शेजारी झोपलेल्या माणसाला काही होत नसताना, अचानक लाट यावी तसे होत होते का? त्यांनी थोडा विचार करून होकार दिला आणि मग स्वतःहून सांगितले, की पाळी आल्यावर ते सगळे पूर्ण थांबले होते. हा शेवटचा तपशील माझ्या दृष्टीने कुठल्याही आकड्याइतकाच मोलाचा होता.

पहिला अहवाल: ८ मे, बासष्टावा दिवस

या दिवशी एफएसएच या हार्मोनचा आकडा ४६.२ होता आणि इस्ट्रॅडिऑल, म्हणजे अंडाशयात तयार होणारे मुख्य इस्ट्रोजेन, १८ पिकोग्रॅम होते. अहवालाच्या उजव्या रकान्यात पाळीच्या पूर्वार्धातील, मध्यावरची, उत्तरार्धातील आणि रजोनिवृत्तीनंतरची अशा चार मर्यादा छापलेल्या असतात. ४६ हा आकडा पहिल्या तीन मर्यादांत बसत नव्हता आणि चौथीत व्यवस्थित बसत होता. त्यातच भारतीय स्त्रियांमध्ये रजोनिवृत्तीचे सरासरी वय ४६ ते ४७ च्या आसपास आहे, त्यामुळे डॉक्टरांनी जो अर्थ लावला तो वरवर पाहता अगदी स्वाभाविक होता.

एफएसएच हा अंडाशयाचा हार्मोन नव्हे. तो मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून निघतो आणि अंडाशयातील बीजपुटकांना, म्हणजे ज्यांच्यात स्त्रीबीज वाढते त्या बारीक पाण्याच्या पिशव्यांना, वाढण्याची हाक देतो. या हाकेला अंडाशयाकडून दोन उत्तरे परत जातात. लहान बीजपुटके इन्हिबिन बी नावाचा पदार्थ सोडतात आणि मोठे होत जाणारे बीजपुटक इस्ट्रॅडिऑल सोडते. ही दोन्ही उत्तरे पिट्युटरीपर्यंत पोचली की ती आपला आवाज खाली आणते. उत्तर मिळाले नाही तर ती आवाज चढवत जाते. चाळिशीत लहान बीजपुटकांची संख्या कमी होते, म्हणून इन्हिबिन बी आधी उतरते आणि एफएसएच थोडे थोडे चढू लागते. या चढलेल्या एफएसएचमुळे पुढचे बीजपुटक नेहमीपेक्षा लवकर वाढीला लागते, बीज लवकर तयार होते आणि पाळीचा पूर्वार्ध आखडतो. बाईंची पाळी २८ वरून २४ दिवसांवर आली ती यामुळे. म्हणजे जिला त्यांनी "लवकर येते, काही बिघडले नाही" असे म्हटले, ती या बदलाची पहिली खूण होती.

आता ८ मेच्या आकड्यांकडे पाहिले, तर त्या दिवशी अंडाशयात कोणतेही बीजपुटक वाढत नव्हते. हाकेला उत्तर देणारे कोणी नव्हते, म्हणून इस्ट्रॅडिऑल १८ वर होते आणि पिट्युटरीचा आवाज ४६ वर गेला होता. गरम वाफाही याच काळात आल्या. एफएसएच आणि इस्ट्रॅडिऑल हे दोन आकडे, वाफा आणि न आलेली पाळी, या चारही गोष्टी एकमेकींशी जुळतात, तेव्हा प्रयोगशाळेची चूक मानायला जागाच नाही. चूक झाली ती काळाची. त्या दिवशी अंडाशय शांत होते, एवढेच तो अहवाल सांगत होता. ते कायमचे शांत झाले असे त्याने म्हटले नव्हते आणि कोणताही एक नमुना तसे म्हणू शकत नाही. चढलेल्या एफएसएचने पुढच्या दिवसांत उरलेल्यांपैकी एका बीजपुटकाला उठवले, इस्ट्रॅडिऑल वाढले, वाफा थांबल्या आणि १८ मे रोजी रक्तस्राव झाला. नमुना घेतला त्यानंतर अवघ्या दहा दिवसांत "गेलेली" पाळी आली होती.

रजोनिवृत्ती झाली असे सलग बारा महिने पाळी न आल्यावरच म्हणता येते, तेही मागे वळून पाहताना. इथे तर अवघे दोन महिने झाले होते. या घाईची किंमत बाईंनी एका अशा ठिकाणी मोजली, ज्याचा उल्लेख त्यांनी मी विचारल्यावरच, खाली पाहून केला. "पाळी गेली" असे ऐकल्यापासून त्या दोघांनी निरोध वापरणे सोडले होते. चाळिशीच्या उत्तरार्धात गर्भधारणेची शक्यता कमी असते, पण ज्या अंडाशयातून अजून मधून मधून बीज बाहेर पडते तिथे ती शून्य नसते. म्हणून त्या दिवशी मी सर्वांत आधी केलेली तपासणी हार्मोनची नव्हती, साधी लघवीची गर्भचाचणी होती. ती नकारात्मक आली आणि गेल्या महिन्याभरात संबंध आलेला नव्हता, त्यामुळे तिच्यावर विसंबता आले.

दुसरा अहवाल: १४ जुलै, तिसरा दिवस

हा अहवाल मला जास्त शिकवण्यासारखा वाटतो, कारण यातली चूक दिलासा देणारी होती आणि दिलासा देणारी चूक कोणी तपासून पाहत नाही.

शाळा सुरू झाल्यावर बाईंनी दुसऱ्या डॉक्टरांना दाखवले. त्यांनी शिस्तीने पाळीच्या तिसऱ्या दिवशी रक्त घ्यायला सांगितले. एफएसएच ९.१ आले आणि इस्ट्रॅडिऑल १६४ पिकोग्रॅम. एफएसएच मर्यादेत होते. इस्ट्रॅडिऑलही छापील मर्यादेच्या आत होते, कारण पाळीच्या पूर्वार्धासाठी त्या प्रयोगशाळेने छापलेली मर्यादा बरीच रुंद होती. तिच्यात तिसरा दिवसही येत होता आणि बीजपुटक चांगले मोठे झाल्यानंतरचा अकरावा दिवसही. दोन्ही आकड्यांपुढे खुणेचा बाण नव्हता. म्हणून "सगळे नॉर्मल".

पण तिसऱ्या दिवशी इस्ट्रॅडिऑल किती असायला हवे? जुनी पाळी संपून नवे बीजपुटक नुकतेच जागे होत असते, तेव्हा ते साधारणपणे ५०-६० पिकोग्रॅमच्या खाली असते. १६४ हा आकडा तिसऱ्या दिवसाचा नव्हे. तो त्या दिवशी अंडाशयात आधीपासूनच मोठे झालेले बीजपुटक असल्याचा पुरावा आहे. ज्या क्षणी हे लक्षात येते त्या क्षणी एफएसएच ९.१ चा अर्थही बदलतो, कारण इस्ट्रॅडिऑल एवढे असेल तर पिट्युटरीचा आवाज दाबलेला असणारच. तरुण स्त्रीमध्ये इतक्या इस्ट्रॅडिऑलसमोर एफएसएच बहुधा याहूनही खाली बसले असते. म्हणून मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना सांगत असते, की एफएसएचचा आकडा इस्ट्रॅडिऑलवर बोट ठेवल्याशिवाय वाचू नका; कमी एफएसएच हे निरोगी अंडाशयाचेही लक्षण असू शकते आणि दाबून ठेवलेल्या पिट्युटरीचेही, आणि या दोहोंतला फरक शेजारच्या ओळीतच लिहिलेला असतो.

सोनोग्राफीने हे सरळ दाखवले होते, पण तो अहवाल वेगळ्याच कारणाने वाचला गेला. १४ जुलैलाच केलेल्या तपासणीत उजव्या अंडाशयात ३४ मिलिमीटरची, पातळ भिंतीची, आत फक्त पाणी असलेली गाठ आढळली होती. घरात "गाठ" हा शब्द गेल्यावर जी काळजी पसरायची ती पसरली. प्रत्यक्षात ही गाठ आणि १६४ हा आकडा एकच गोष्ट सांगत होते. या वयात काही वेळा बीजपुटक वाढते, पण वेळेवर फुटून बीज बाहेर पडत नाही. ते तसेच तग धरून राहते आणि इस्ट्रॅडिऑल सोडत राहते. काही वेळा तर आधीची पाळी यायच्या आतच, तिच्या उत्तरार्धात, पुढचे बीजपुटक वाढू लागते आणि पाळी येते तेव्हा ते अर्धे मोठे झालेले असते. दोन्ही परिस्थितींत "पाळीचा तिसरा दिवस" हा शब्दप्रयोग आपला आधार गमावतो, कारण दिनदर्शिकेवरचा तिसरा दिवस हा अंडाशयासाठी तिसरा दिवस नसतो. आमच्या शास्त्रात तिसऱ्या दिवसाच्या नमुन्याला जे महत्त्व आहे ते नियमित पाळीच्या गृहीतकावर उभे आहे. जिची पाळी बदलली म्हणून आपण तपासणी करतो, तिच्या बाबतीत नेमके तेच गृहीतक मोडलेले असते.

मी सहा आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी केली तेव्हा ती गाठ नाहीशी झालेली होती.

केसांच्या गोळीची शंका

निष्कर्षाकडे जाण्यापूर्वी मला एका शंकेचे निरसन करून घ्यायचे होते. बाई केस गळतात म्हणून जूनपासून एक गोळी घेत होत्या. तिच्या डबीवर बायोटिन १० मिलिग्रॅम असे लिहिले होते. रोजच्या आहारातून आपल्याला लागणारे बायोटिन मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, त्यामुळे ही मात्रा शेकडो पट मोठी होते. बायोटिन शरीराला अपाय करत नाही, पण काही प्रयोगशाळांच्या यंत्रांत हार्मोन पकडण्यासाठी बायोटिन आणि स्ट्रेप्टॅव्हिडिन यांची जोडीच वापरलेली असते. रक्तात बायोटिन भरपूर असले तर ते त्या जोडीत मध्येच शिरते. गंमत अशी, की त्याचा परिणाम सगळ्या चाचण्यांवर एका दिशेने होत नाही. एफएसएच आणि थायरॉइडच्या तपासणीतले टीएसएच ज्या पद्धतीने मोजतात त्या पद्धतीत आकडा खोटाच कमी येतो, आणि इस्ट्रॅडिऑलच्या पद्धतीत तो खोटाच जास्त येतो. कमी एफएसएच आणि जास्त इस्ट्रॅडिऑल: जुलैच्या अहवालाचे चित्र हुबेहूब असेच होते.

म्हणून मी दोन गोष्टी केल्या. त्याच नमुन्यातून मोजलेले टीएसएच पाहिले, ते २.८ होते आणि वर्षभरापूर्वी, गोळी सुरू होण्याच्या आधी, २.६ होते. बायोटिनने ढवळाढवळ केली असती तर तेही खाली ओढले गेले असते अशी अपेक्षा होती. पण एकाच यंत्रावरच्या सगळ्या चाचण्या सारख्याच हळव्या नसतात, त्यामुळे एवढ्यावर थांबणे योग्य नव्हते. मी प्रयोगशाळेला दूरध्वनी केला. तिथल्या तंत्रज्ञांनी संच पाहून सांगितले, की या तीन चाचण्यांसाठी त्यांच्याकडे ती जोडी वापरत नाहीत. शिवाय ३४ मिलिमीटरच्या बीजपुटकाने इस्ट्रॅडिऑलचा हिशेब आधीच लागलेला होता. शंका मिटली. तरी पुढे कोणतीही हार्मोन तपासणी करायची झाली तर ही गोळी निदान तीन दिवस आधी थांबवायची आणि रक्त घेणाऱ्याला तसे सांगायचे, असे मी बाईंना लिहून दिले. आपल्याकडे औषधे विचारली की रक्तदाबाची आणि साखरेची गोळी सांगतात, केसांची गोळी कोणी सांगत नाही. ती वेगळी विचारावी लागते.

तिसरी चाचणी का केली नाही

बाईंची अपेक्षा अशी होती, की मी तिसऱ्यांदा एफएसएच करेन आणि दोनाविरुद्ध एक असा निकाल लागेल. मी ते केले नाही. त्या दिवशी पाळीचा पंचेचाळिसावा दिवस होता. आकडा ३० आला असता, १२ आला असता किंवा ५० आला असता, तरी माझ्या निदानात किंवा उपचारात एका अक्षराचाही फरक पडला नसता. ज्या तपासणीच्या कोणत्याच उत्तराने पुढचे पाऊल बदलत नाही, ती करून घेणे म्हणजे बाईंच्या हातात तिसरा गोंधळ देणे होते.

निदान दिनदर्शिकेत होते. रजोनिवृत्तीकडे जाण्याच्या संक्रमणकाळाच्या पायऱ्या ठरवणारी जी आंतरराष्ट्रीय पद्धत २०१२ साली प्रसिद्ध झाली आणि जी स्ट्रॉ या नावाने ओळखली जाते, तिने मुख्य कसोटी पाळीचीच ठेवली आहे. लागोपाठच्या दोन पाळ्यांच्या लांबीत सात किंवा अधिक दिवसांचा फरक पडू लागला आणि तो पुन्हा पुन्हा दिसला, की संक्रमणाचा पूर्वभाग सुरू झाला असे धरतात. बाईंच्या २४, ३४, २३, ३७ या ओळीत तो फरक दहा, अकरा आणि चौदा दिवसांचा होता. साठ किंवा अधिक दिवस पाळी आली नाही, की उत्तरभाग सुरू होतो, आणि ७१ दिवसांच्या खंडाने ती कसोटीही पूर्ण केली होती. या उत्तरभागात एफएसएच अधूनमधून २५ च्या वर जाते हे त्या पद्धतीत नमूद आहे, पण ती आधार देणारी गोष्ट म्हणून. निर्णायक म्हणून नव्हे. हा भाग साधारणपणे एक ते तीन वर्षे चालतो. पंचेचाळीसच्या पुढच्या स्त्रीमध्ये अनियमित पाळी आणि गरम वाफा असतील तर पेरिमेनोपॉजचे, म्हणजे याच संक्रमणकाळाचे, निदान रक्ततपासणीशिवाय करावे, हे ब्रिटनमधील नाईस संस्थेचे २०१५ पासूनचे मार्गदर्शनही याच अनुभवावर बेतलेले आहे.

याचा अर्थ एफएसएचला कुठेच स्थान नाही असा नाही. चाळीसच्या आतली मुलगी पाळी थांबली म्हणून आली असती, तर मी एफएसएच नक्कीच केले असते आणि शंका राहिली तर चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा केले असते, कारण तिथे अंडाशय अकाली थकण्याचे निदान चुकवणे म्हणजे तिची हाडे आणि हृदय धोक्यात घालणे होय. चाळीस ते पंचेचाळीसच्या मध्ये लक्षणे असतील तर विचार करून ते करता येते. गर्भाशय काढलेले पण अंडाशय ठेवलेले असेल तर मोजायला पाळीच उरत नाही, तेव्हाही त्याची मदत होते. मात्र गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना केलेले एफएसएच कोणत्याच वयात वाचण्यासारखे नसते, कारण त्या गोळ्याच पिट्युटरीचा आवाज बंद करतात.

ज्याकडे कोणी पाहिले नव्हते

दोन्ही अहवालांवरच्या चर्चेत रक्तस्रावाकडे दुर्लक्ष झाले होते, आणि माझ्या मते तोच या प्रकरणातला सर्वांत तातडीचा भाग होता. बीज बाहेर पडले नाही तर प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही. इस्ट्रॅडिऑल मात्र गर्भाशयाचे अस्तर वाढवत राहते आणि त्या वाढीला लगाम घालणारे कोणी नसते. असे जाड अस्तर एकसारखे न सुटता कधी मे महिन्यासारखे धबधबा होऊन येते, तर कधी जुलैसारखे थेंब थेंब करत राहते. हिमोग्लोबिन ९.४ होते आणि फेरिटिन ८, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा जवळजवळ संपलेला. केस गळण्याचे एक कारण बहुधा तिथेच होते, आणि त्यासाठी बाई बायोटिन घेत होत्या.

सोनोग्राफीत अस्तराची जाडी १४ मिलिमीटर होती. पाळी चालू असलेल्या वयात केवळ जाडीवरून काही ठरत नाही, पण या वयात अनियमित आणि लांबलेला रक्तस्राव "पाळी जाताना होतेच असे" म्हणून सोडून देता येत नाही, कारण अस्तराचा कर्करोग आणि त्याच्या आधीची अवस्था अशाच रक्तस्रावाच्या आडून येतात. मी दवाखान्यातच बारीक नळीने अस्तराचा नमुना घेतला. आठ दिवसांनी अहवाल आला: इस्ट्रोजेनच्या प्रभावाखाली विस्कळीत वाढलेले अस्तर, पेशींमध्ये घातक बदल नाही. बीज बाहेर न पडता झालेल्या रक्तस्रावाचेच ते चित्र होते. एफएसएचच्या दोन आकड्यांवर चार महिने खल झाला आणि ज्या नमुन्याने खरी भीती दूर केली तो घ्यायचे कोणाला सुचले नव्हते, याचे मला वाईट वाटते.

बाईंना मी कागदावर एक रेघ काढून दाखवली. वरखाली जाणारी, मधूनच खाली बसणारी. "८ मे म्हणजे हा खड्डा आणि १४ जुलै म्हणजे ही टेकडी," असे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे दोघेही डॉक्टर एकाच रस्त्यावरच्या दोन जागा सांगत होते." यापेक्षा नेमके मला सांगता आले नसते. एक गोष्ट मात्र त्यांना पटवायला वेळ लागला. या काळात इस्ट्रॅडिऑल उतरणीवर सरळ घसरत जाते अशी सर्वांची कल्पना असते. ते तसे नाही. शेवटच्या पाळीच्या सुमारे दोन वर्षे आधीपर्यंत त्याची सरासरी बरीचशी टिकून असते, आणि मधल्या टेकड्या तर तरुणपणापेक्षाही उंच असू शकतात. स्तन दुखणे, पोट फुगणे आणि जास्त रक्तस्राव ही टेकडीवरची लक्षणे आहेत. वाफा आणि रात्रीची जाग ही खड्ड्यातली. एकाच महिन्यात दोन्ही आली म्हणून घाबरण्याचे कारण नाही.

उपचारांत आम्ही प्रोजेस्टेरॉनसारखे काम करणारे लेव्होनॉर्जेस्ट्रेल सोडणारे ५२ मिलिग्रॅमचे गर्भाशयातील साधन निवडले. ते अस्तराला लगाम घालते, रक्तस्राव कमी करते आणि गर्भधारणाही टाळते, म्हणजे बाईंच्या तीन गरजा एकाच वस्तूने भागतात. लोहाच्या गोळ्या एक दिवसाआड सुरू केल्या. वाफांसाठी इस्ट्रोजेनचे जेल देता आले असते, पण त्या दिवसांत वाफा थांबलेल्या होत्या आणि बाईंनी थांबून पाहणे पसंत केले, ते मलाही योग्य वाटले. सहा महिन्यांनी हिमोग्लोबिन १२.१ झाले होते आणि रक्तस्राव महिन्यातून एखाद-दोन डागांवर आला होता.

या उपायाची एक अडचण मी आधीच सांगितली होती. साधन बसवल्यावर दिनदर्शिकेवरची टिंबे बंद होतात, म्हणजे ज्या पुराव्यावर हे सगळे निदान उभे राहिले तोच हातातून जातो. बारा महिन्यांचा हिशेब करता येत नाही. त्यामुळे आता बाई वाफांच्या रात्रींवर टिंब करतात. पंचेचाळिशीनंतर बसवलेले हे साधन गर्भनिरोधनासाठी ५५ व्या वर्षापर्यंत ठेवता येते, त्यामुळे घाईने काही ठरवायचे नाही. पन्नाशी ओलांडल्यावर त्यांना ते आधी काढावेसे वाटले, तर तेव्हा मात्र एफएसएच करू; या साधनाने त्या आकड्याचा अर्थ बिघडत नाही. तो ३० च्या वर आला तर साधन आणखी एक वर्ष ठेवून मग काढू. मध्येच वाफांसाठी इस्ट्रोजेन सुरू करावे लागले, तर अस्तराच्या संरक्षणासाठी हेच साधन पाच वर्षे धरायचे आणि त्यानंतर बदलायचे, असे त्यांच्या कागदावर तारखेसह लिहिलेले आहे.